कपाळावरची पट्टी निघते, डाग मात्र राहतो

फोटोतल्या माणसाच्या कपाळावरची बँडेजपट्टी काढून टाकणं हे पाच मिनिटांचं काम वाटतं, आणि स्क्रीनवर ते खरंच पाच मिनिटांत होतं. मग १२ बाय १५ची प्रिंट भिंतीवर लागते, ट्यूबलाइटच्या उजेडात कुणीतरी जवळ जाऊन बघतं आणि विचारतं, "यांच्या कपाळाला काय लागलंय हो?" पट्टी गेलेली असते, तिच्या जागी डाग आलेला असतो. माझ्याकडे रिटचिंगची जी कामं दुरुस्तीला परत येतात, त्यांत कपाळाचं प्रमाण बरंच असतं. गालावर किंवा हनुवटीवर थोडं खाली-वर झालेलं खपून जातं. कपाळ मोठं, सपाट आणि उजेडात असतं, शिवाय डोळ्यांच्या अगदी वर असतं. तिथे काही लपत नाही.

फोटोशॉपमध्ये तीन-चार वेळा हिलिंग करूनही डाग पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर तो का उमटतो ते एका कामावरून सांगते. त्या कामात मी स्वतः दोनदा आपटले आहे.

कोथरूडहून एक मुलगा आजीचा फोटो घेऊन आला. घरात मुंज होती, आजी नऊवारी नेसून खिडकीशी बसलेल्या, चेहऱ्यावर सुरेख हसू. पण आदल्या दिवशी कपाटाचं दार लागलं होतं, त्यामुळे डाव्या भुवईच्या वर गॉज आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. त्यानंतर वर्षभरात आजी गेल्या. त्यांचा तेवढा चांगला फोटो दुसरा नाही. "ताई, तेवढी पट्टी काढून द्या, तसबीर करायचीय."

फोटो मोबाइलचाच होता, ३००० बाय ४००० पिक्सेलचा. डोकं आणि खांदे ठेवून कापल्यावर २४०० बाय ३००० उरले, म्हणजे १२ बाय १५ला इंचाला २०० पिक्सेल. भिंतीवरच्या तसबिरीला तेवढे चालतात. पट्टी साधारण २२० पिक्सेल रुंद होती, म्हणजे प्रिंटवर एक इंचाहून किंचित जास्त. हा हिशोब मी आधीच करून ठेवते. पट्टी प्रिंटवर अर्ध्या सेंटिमीटरची असेल तर पुढचं बरंचसं वाचायची गरज नाही, एक फटका मारा आणि सोडून द्या. इंचभर असेल तर कपाळाचा तेवढा तुकडा नव्याने घडवावा लागतो. (फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला असेल तर आधी मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. दाबलेल्या फोटोत त्वचेचं पोतच उरलेलं नसतं, मग जुळवणार काय?)

पहिल्या वेळी मी Healing Brush घेऊन पट्टीवर छोटे छोटे ठिपके मारत गेले. पट्टी गेली. प्रिंटवर मात्र तिच्या खालच्या बाजूला नखाएवढी काळपट चंद्रकोर आणि वरच्या भागात ढगाळ ठिपके. मुलगा प्रिंट परत घेऊन आला. "ताई, आईला वाटतंय आजीला मुका मार लागलाय."

ही चंद्रकोर येते कुठून? हिलिंगचं साधन तुम्ही दाखवलेल्या जागेवरून फक्त पोत उचलतं, म्हणजे रंध्रं आणि बारीक दाणे. रंग आणि उजळपणा ते तिथून घेत नाही. तो घेतं तुमच्या फटक्याच्या कडेवरून, आणि कडेपासून आतपर्यंत पसरवत नेतं. म्हणून साध्या त्वचेवर ते जादूसारखं चालतं. पण फटक्याची कड सावलीवर पडली तर सावली आत पसरते. भुवईला लागली तर भुवईचा काळा रंग आत ओढला जातो. मी नेमकं तेच केलं होतं. पट्टी त्वचेपासून थोडी वर उचललेली असते, त्यामुळे तिच्या खालच्या आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला बारीक सावली असते. या फोटोत ती आठेक पिक्सेलची होती. मी पट्टी झाकली, सावली झाकली नाही. मग साधनाने इमानेइतबारे तीच सावली घेऊन आतला सगळा भाग भरला.

ढगाळ ठिपक्यांचं कारण तेच, फक्त वेगळ्या वेषात. प्रत्येक ठिपक्याची कड वेगळी, म्हणून प्रत्येकाला मिळालेला रंग वेगळा. अर्धी पट्टी काढून झाल्यावर पुढच्या ठिपक्याची एक कड त्वचेवर आणि दुसरी उरलेल्या पांढऱ्या गॉजवर पडते. तो ठिपका दुधी होणार नाही तर काय होणार?

तेव्हा पहिलं काम म्हणजे पट्टी खरी कुठे संपते ते शोधणं. डोळ्याला दिसते ती गॉजची कड. त्याच्या पलीकडे पारदर्शक चिकटपट्टी असते, तिची चकाकी असते आणि भोवतीने सावली. Channels मध्ये जाऊन फक्त Blue चालू ठेवा. त्वचा निळा प्रकाश सगळ्यांत कमी परत पाठवते, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये ती गडद दिसते आणि तिच्यावरचं सगळं बारीकसारीक उठून येतं. पांढरं गॉज आणि चिकटपट्टीची कड तर तिथे लख्ख दिसते. Red मध्ये हेच कपाळ गुळगुळीत, जवळजवळ निर्दोष वाटतं, त्यामुळे ते बघून फसू नका. आजींच्या फोटोत मी पट्टी २२० पिक्सेलची धरली होती. निळ्या चॅनेलमध्ये ती चिकटपट्टी आणि सावलीसकट २६० भरली. माझी चंद्रकोर त्या चाळीस पिक्सेलांत होती.

दुसरं काम बांध घालायचं. पट्टीची खालची कड भुवईपासून जेमतेम अठरा पिक्सेलवर, त्यातले आठ सावलीने खाल्लेले. फटक्याला टेकायला स्वच्छ त्वचाच नाही. अशा वेळी आधी Clone Stamp घ्यायचा. तो रंगाचं काही गणित करत नाही, आहे ते तसंच उचलून ठेवतो, आणि इथे तेच हवं. ब्रश पंधरा पिक्सेलचा, Hardness ८०च्या आसपास. भुवईच्या वरचीच, पण पट्टीपासून बाजूला असलेली त्वचा उचलायची आणि भुवई व पट्टी यांच्यामध्ये एक स्वच्छ पट्टा घालत जायचं. शेतात पाणी अडवायला बांध घालतात तसा. मऊ कडेचा ब्रश इथे घेऊ नका. मऊ कडा एकमेकींवर चढल्या की दाणे पुसट होतात आणि तेवढाच भाग प्लास्टिकसारखा दिसतो.

बांध झाला की Lasso ने निवड करायची. ती पट्टीपेक्षा दहा-पंधरा पिक्सेल मोठी असावी, पण भुवईकडच्या बाजूला बांधावरूनच वळावी. निवड केलेली असली की हिलिंगला बाहेरचा काळा रंग आत ओढता येत नाही. मग नवीन रिकाम्या थरावर, Sample मध्ये Current & Below ठेवून, पट्टी एकाच फटक्यात झाकायची. माउसचं बटण मध्ये सोडायचं नाही. सोडलं की तेवढ्या तुकड्याचं गणित होऊन जातं आणि ठिपक्यांचा खेळ पुन्हा सुरू. पोत कपाळावरूनच घ्यायचं, शक्यतो त्याच उंचीवरून. गालाची रंध्रं मोठी असतात, ती कपाळावर परकी दिसतात.

इतकं केल्यावर कपाळ स्वच्छ झालं. अगदी जास्तच स्वच्छ झालं.

आजींच्या कपाळावर तीन आडव्या सुरकुत्या होत्या, त्यातल्या दोन पट्टीखालून जात होत्या. हिलिंगनंतर त्या दोन्ही येऊन थांबायच्या, मध्ये इंचभर गुळगुळीत बेट आणि पलीकडे पुन्हा सुरू. परका माणूस कदाचित बोलणार नाही, पण घरच्यांच्या नजरेला ते लगेच खुपतं, मग त्यांना नेमकं काय खुपतंय ते सांगता येवो न येवो. मनात सहज येतं की कपाळाची उजवी बाजू उचलावी, उलटी करावी आणि डावीकडे ठेवावी. ते जसंच्या तसं करून बघा, लगेच कळेल. खिडकी एका बाजूला होती, म्हणून कपाळाचा उजेड एका बाजूने दुसरीकडे उतरत जातो. उलटा तुकडा ठेवला की तिथे उजेड उलट्या दिशेने उतरतो, आणि कपाळाला टेंगूळ आल्यासारखं दिसतं.

म्हणून रंग आणि पोत वेगळे करायचे. आत्तापर्यंतचं सगळं काम एका थरात आणून त्याच्या दोन प्रती काढा. खालच्या प्रतीचं नाव 'रंग', वरच्या प्रतीचं 'पोत'. 'रंग' थरावर Gaussian Blur द्या, रंध्रं आणि सुरकुत्यांच्या रेघा विरून जातील पण कपाळाचा आकार राहील एवढाच. या फोटोला १० पिक्सेल पुरले. मग 'पोत' थर निवडून, आठ बिटांच्या फाइलमध्ये:

```
Image > Apply Image
Layer: रंग
Blending: Subtract
Scale: 2
Offset: 128
```

आणि 'पोत' थराचा मोड Linear Light. चित्र होतं तसंच दिसायला हवं. वेगळं दिसलं तर आकडे तपासा. GIMP वापरणाऱ्यांना हेच Grain extract आणि Grain merge या मोडांनी जमतं.

यात एक खड्डा आहे, आणि दुसऱ्या वेळी मी त्यात पडले होते. घाईत मी पट्टी असतानाच थर वेगळे केले, म्हटलं आता दोन्ही थरांवर सावकाश काढू. पण पांढरं गॉज ब्लर झालं की त्याचा पांढरेपणा आजूबाजूच्या त्वचेत झिरपतो, आणि वरच्या थरात त्याचा उलटा, काळसर ठसा उमटतो. दोन्ही तंतोतंत पुसले तरच सुटका, आणि ते तंतोतंत पुसले जात नाहीत. पट्टीच्या भोवती दुधी कड राहून जाते. तेव्हा आधी पट्टी काढायची, मगच थर वेगळे करायचे. थर वेगळे करून बसला असाल आणि दुधी कड हटत नसेल तर तिच्याशी झगडू नका. दोन्ही थर फेकून मागे जा.

आता 'पोत' थरात उजेडच नाही, फक्त रेघा आणि दाणे आहेत. इथे उजवीकडच्या सुरकुत्यांचा तुकडा उलटा करून डावीकडे आणता येतो. सुरकुती आडवी असल्यामुळे तिच्या वरच्या आणि खालच्या कडेतला उजळ-गडद फरक उलटं केल्यावरही तसाच राहतो. तुकडा Edit > Free Transform ने तीन-चार अंश फिरवून दोन्ही टोकं जुळवली. रेघ अगदी सलग जोडायचा मोह आवरा. खरी सुरकुती मध्ये पुसट होते, कधी तुटून थोडी खाली सुरू होते. मी मधला भाग मास्कने जरा हलका केला. तुकडा आणल्यावर त्याचा थर मात्र 'पोत' थरातच विलीन करा. सुटा तुकडा Normal मोडमध्ये राहिला तर कपाळावर राखाडी चौकोन दिसेल आणि तुम्ही घाबराल.

मग पिवळटपणा. चंद्रकोर गेली, दुधी कड गेली, सुरकुत्या आल्या, तरी त्या भागाला काहीतरी होतं. उजळपणा तर बरोबर होता. असं झालं की सगळ्यांत वर एक Hue/Saturation थर ठेवून Saturation +६० करून बघायचं, नुसतं तपासायला. सगळा चेहरा भडक होतो आणि रंगाची चूक ओरडून सांगते. आजींच्या कपाळावर पट्टीच्या जागेभोवती पिवळं कडं दिसलं. मी व्हाइट बॅलन्सला दोष देत बसले होते. मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अहो ताई, आजीने आधी हळदच दाबली होती, पट्टी नंतर आईने लावली." आपल्याकडे हे विचारायलाच हवं. हळद असेल, नाहीतर दवाखान्यातलं तपकिरी आयोडीन. पट्टीच्या बाहेर बोटभर तरी ते पसरलेलं असतं, आणि हिलिंग कडेवरून रंग घेतं म्हटल्यावर हळदही आत येतेच.

त्यावर उपाय सोपा. 'रंग' आणि 'पोत' यांच्या मध्ये नवा थर, मोड Color. मऊ मोठा ब्रश, Flow १० टक्के, आणि कपाळाच्या हळद न लागलेल्या जागेचा रंग उचलून हलके हात फिरवायचे. Color मोड उजळपणाला हात लावत नाही, फक्त रंगछटा बदलतो, म्हणून उजेडाचा उतार शाबूत राहतो. रंग एकाच जागेवरून उचलू नका. भुवईजवळची त्वचा आणि केसांजवळची त्वचा एका रंगाची नसते. तपासणीचा Saturation थर मध्येमध्ये चालू करून बघत जा आणि शेवटी आठवणीने काढून टाका. एकदा तो थर चालू ठेवून फाइल प्रिंटला गेली होती. त्या दिवशी लॅबमधल्या माणसाने फोन करून विचारलं नसतं तर एका आजोबांची भट्टीतून काढल्यासारखी तसबीर झाली असती.

एवढ्यात काम झालं असतं. पण पट्टीखाली काय होतं हे फोटोला माहीत नसतं, आणि मलाही नसतं. हिलिंग तिथे फक्त 'त्वचा' भरतं. म्हणून मी त्याच माणसाचे आणखी दोन-तीन फोटो मागते, कसेही चालतात, लग्नाच्या अल्बममधला मागच्या रांगेतला चेहरासुद्धा. आजींच्या जुन्या फोटोत कुंकवाच्या खाली, जरा डावीकडे, गोंदणाचा हिरवट ठिपका होता. आपल्या फोटोत तो चिकटपट्टीच्या कोपऱ्याखाली गेला होता आणि मी स्वच्छ त्वचा भरून तो पुसून टाकला होता. तो परत घालताना काळा किंवा हिरवा रंग घेऊ नका. जुनं गोंदण त्वचेच्या आत असतं, निळसर करडं दिसतं आणि कडा विरलेल्या असतात. मी 'पोत' थराच्या खाली Multiply मोडचा थर घेतला, करड्या हिरव्या रंगाचा नऊ पिक्सेलचा मऊ ठिपका दिला आणि Opacity ४५ वर आणली. रंध्रं त्याच्यावरून गेली की ठिपका आपोआप कातडीत बसतो. देवीचे वण, तीळ, जुनी खोक यांचंही हेच. पट्टी पाहुणी होती, ती जाऊ दे. बाकीचं त्या माणसाचं आहे.

तपासताना मी तीन गोष्टी करते. फोटो आडवा उलटा करते, म्हणजे सवयीमुळे न दिसणारा डाग डोळ्यात भरतो. झूम १२ टक्क्यांवर आणते. जवळून बघताना पोत दिसतं, लांबून बघताना डाग दिसतो, आणि भिंतीवरची तसबीर लोक दोन्ही अंतरांवरून बघतात. मग फक्त कपाळाचा ४ बाय ६ इंचांचा तुकडा, तसबिरीच्याच मापात, म्हणजे ८०० बाय १२०० पिक्सेल, त्याच लॅबमधून त्याच कागदावर काढून आणते. स्क्रीन उजळ असते, सावलीतले फरक ती माफ करते. कागद करत नाही. हा तुकडा ट्यूबलाइटखाली बघायचा आणि खिडकीपाशी नेऊनही बघायचा. डाग एकीकडे दिसतो आणि दुसरीकडे नाही असं झालं तर बहुधा रंगछटा चुकलेली असते. दोन्हीकडे दिसला तर उजळपणा.

काही फोटोंत हे जमत नाही. पट्टी अर्ध्याहून जास्त कपाळ व्यापत असेल किंवा भुवईच तिच्याखाली असेल तर पोत घ्यायला जागाच नसते, आणि मग दुसऱ्या फोटोतलं कपाळ बसवावं लागतं. त्यात डोक्याचा कल आणि उजेडाची दिशा जुळायला लागते. हे रिटचिंग नाही, वेगळंच काम आहे, आणि गिऱ्हाइकाला तसं आधी सांगितलेलं बरं. पट्टीखाली सूज असेल तर आणखी एक गोष्ट: पट्टी गेली तरी टेंगळाचा उजेड राहतो, एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला गडद. तो 'रंग' थरातच, मऊ ब्रशने, दोन्ही बाजूंचा मधला रंग घेऊन हळूहळू सपाट करावा लागतो. जुन्या छापील फोटोवरून काम असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. कागद जाळीदार पोताचा असेल तर ती जाळी हिलिंगमध्ये तुटते, म्हणून थर वेगळे करून काम करणं तिथे आणखी गरजेचं.

तिसऱ्या प्रिंटच्या वेळी मुलगा आईला घेऊन आला. त्यांनी प्रिंट हातात धरून बराच वेळ पाहिली, खिडकीशी नेली, चष्मा काढून पाहिली. मी कपाळाकडेच बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "पदर जरा काळपट आलाय का? सासूबाईंचा तो अंजिरी रंगाचा होता."

पदराकडे मी बघितलंच नव्हतं. Curves उघडला.